जन्म कोणत्या शिवारात झाला?

माझ्या धाकट्या जावेच्या लेकीला जन्माच्या तीन तारखा होत्या. शाळेच्या रजिस्टरात १ जून २००८, आधार कार्डावर १ जानेवारी २०१० आणि जाऊबाईच्या तोंडी 'पौषातली पुनव'. पोरगी नववीत जाईपर्यंत या तिन्ही तारखा आपापल्या जागी सुखानं नांदत होत्या. २०२४च्या दिवाळीनंतर शाळांमध्ये 'अपार' क्रमांक काढायची घाई सुरू झाली. शाळेतली तारीख आणि आधारवरची तारीख जुळल्याशिवाय तो क्रमांक निघत नाही. वर्गशिक्षकांनी पोरीच्या हाती निरोप दिला की आधार दुरुस्त करून आणा.

मी चुडाव्यात अंगणवाडी सेविका आहे. घरात कागदाचं काही निघालं की ते माझ्या पुढ्यात येऊन पडतं, कारण दिवसभर मी रजिस्टरंच भरत असते. दीर आणि जाऊ दोघंही ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात ते गावी परततात. ही पोरगी अशाच एका हंगामात, सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मली. दवाखाना नाही, नर्स नाही. शेजारच्या कोपीतल्या बाईनं नाळ कापली. जन्माची नोंद कुठंच झाली नाही.

१ जून ही तारीख कुठून आली हे आमच्याकडं शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. नाव घालायला आजोबा गेले होते. तारीख सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी शाळा सुरू होताना वय भरलेलं दाखवलं की पुढं शंका येत नाही या हिशेबानं १ जून टाकली. अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. आधारचं त्याहून सोपं. शिबिरात आलेल्या माणसानं विचारलं, पोरगी केवढी? कुणीतरी अंदाजानं साल सांगितलं, आणि यंत्रात तारीख नसली की १ जानेवारी पडते. दोन्ही तारखा खोट्या होत्या हे सांगायला फार हुशारी लागत नव्हती. जूनमध्ये जाऊबाई गावातच असते आणि पोरगी तर तळावर झाली. गाळप चालू असतानाच ती झाली असणार.

आधार केंद्रावरच्या पोरानं सोपा मार्ग सांगितला. "काकू, शाळेचं बोनाफाईड आणा, जूनची तारीख लावून टाकू." काम एका दिवसात झालं असतं. पण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. चुकीची तारीख बसवण्यात ती संधी घालवली, की पुढं खरी तारीख हाती आली तरी विभागीय कार्यालयाच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून आधी जन्माचा दाखला, मग शाळा, आणि शेवटी आधार, हा क्रम मी धरून ठेवला. घरातले वैतागले.

वैतागण्याचं खरं कारण वेगळं होतं. पोरीला एक स्थळ सांगून आलं होतं. ऊसतोडीत जोडप्याला 'कोयता' म्हणतात आणि उचल कोयत्याच्या हिशेबानं मिळते. पोरगा एकटा असला तर अर्धा कोयता. त्यामुळं पोरांची लग्नं लवकर उरकायची ओढ असते, आणि त्यात कुणी राक्षस नसतो, हिशेब असतो. शाळेच्या तारखेनं पोरीला १ जून २०२६ला अठरा पूर्ण होत होती. पौषातली पुनव खरी धरली तर ते जानेवारी २०२७वर जात होतं. फरक सात महिन्यांचा, पण मधला सगळा लग्नसराईचा काळ त्यात जातो. गावात बालविवाह रोखायचा अधिकार ग्रामसेवकाकडं असतो आणि सेविका त्याला मदतनीस. म्हणजे उद्या हळद लागली असती तर तक्रार करायचीही मीच, आणि पुतणीही माझीच.

अशा वेळी वय ठरवायला कुणाचाही शब्द चालत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४मध्ये क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडं-तिकडं होतात. प्रतिज्ञापत्र या यादीत कुठंच नाही. शाळेची तारीख पहिली लागते, म्हणून ती चुकीची असणं जास्त घातक. ती दुरुस्त करायची तर पोरगी शाळेत असतानाच, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं, आणि त्यांना पटेल असा जन्मदाखला लावून. एकदा दहावीच्या प्रमाणपत्रावर ती छापली गेली की पुढचं फार अवघड.

मी आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं गेले. त्यांनी रजिस्टर न उघडताच विचारलं, "जन्म कुठं झाला?" मी तळाचं सांगितलं. त्यांनी हात जोडले. "मग बाई, ही नोंद माझ्या हातात नाही."

हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि गावातही फारसं कुणाला माहीत नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा. त्यात जन्माची नोंद घराच्या पत्त्यावर होत नाही, जिथं जन्म झाला तिथल्या निबंधकाकडं होते. बाई पंढरपूरच्या वारीत बाळंत झाली तर नोंद पंढरपूरला. आई-बापाचा कायमचा पत्ता दाखल्यावर वेगळ्या रकान्यात येतो, पण नोंद तिथलीच. एकवीस दिवसांत कळवलं तर पैसा लागत नाही. तीस दिवसांच्या आत किरकोळ विलंब शुल्क. वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की निबंधक स्वतःच्या सहीनं काहीच लिहू शकत नाही, त्याला आदेश लागतो. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. म्हणजे कोर्टात वकील लावून अर्ज करायचा आणि ग्रामसेवकाला त्यात सामनेवाला करायचं. २०२३च्या दुरुस्तीनं ऑक्टोबरपासून हे काम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोर्टातून तहसिलात आलं.

लोकांना वाटलं, सोपं झालं. झालंही, पण थोडा काळ. राज्यात काही ठिकाणी कागद न तपासताच उशिराचे दाखले दिले गेल्याचा गवगवा झाला आणि जानेवारी २०२५मध्ये शासनानं हे काम थांबवलं. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली. पुराव्याशिवाय अर्ज नाही, हरकती मागवणारी जाहीर नोटीस, पोलिसांचा अभिप्राय, आणि खोटं आढळलं तर गुन्हा. आमचा अर्ज नेमका या वळणावर होता.

गावातल्या शहाण्या माणसांनी दुसरा तोडगा सुचवला. "पोरगी चुडाव्यातच झाली म्हणून लिहून द्या. सुईण होती म्हणा. सोलापूरला कोण हेलपाटे घालतंय?" वाईट हेतूनं कुणी बोललं नाही. तारखेबद्दल खरं आणि जागेबद्दल खोटं, त्यानं काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पण प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा गुन्हा, ही एक गोष्ट. दुसरी अशी की ते खोटं टिकलंच नसतं. आमचा सगळ्यात भक्कम पुरावा होता माझंच रजिस्टर, आणि त्यातच ती चुडाव्यात जन्मली नाही हे लिहिलेलं होतं.

त्या वहीबद्दल सांगते. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं होतात. एप्रिल २००९च्या पानावर ओळी तारखेच्या क्रमानं आहेत. त्यात मधेच एक ओळ येते: जावेचं नाव, त्यापुढं 'मुलगी', वय '३ म.', वजन ४ किलो २००, आणि शेऱ्यात माझ्या अक्षरात 'स्थलांतरित, ऊसतोडीवरून परत'. खाली पर्यवेक्षिकेची तपासणीची सही. नाव लिहिलेलं नाही, कारण तेव्हा नाव ठेवलेलंच नव्हतं. वजन कमी होतं म्हणून मी त्या आकड्याभोवती लाल गोल केला होता. तो गोल अजून स्पष्ट दिसतो. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची म्हणजे जन्म जानेवारीच्या आसपास. शाळेची तारीख खरी असती तर ती तेव्हा दहा महिन्यांची असायला हवी होती, आणि दहा महिन्यांचं लेकरू ४ किलो २०० असेल तर मी लाल गोल करून थांबले नसते, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतं. आधारची तारीख खरी असती तर ती तेव्हा जन्मलीच नव्हती.

हा जन्माचा पुरावा नव्हे. मी जन्म पाहिला नाही. पण हे काही कुणी दाखल्यासाठी आज तयार केलेलं नाही, सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी लिहिलेलं आहे. अशा कागदाला किंमत येते ती त्यामुळंच.

आता पुनव. जाऊबाईला साल सांगता येत नव्हतं, महिना सांगता येत होता. मी तिला तारीख विचारणं सोडून दिलं आणि त्या दिवसाचं विचारायला लागले. ती म्हणाली, "पुनवेचं चांदणं होतं. पहाटंचा भोंगा झाला, मालक फडात गेले, अन् मला कळा सुरू झाल्या. दिवस उगवायच्या आत झाली." कारखान्याच्या पाळ्या चार, बारा आणि आठ वाजता बदलतात, म्हणजे पहाटे चार ते सूर्योदय. पुढं ती म्हणाली, "तिसऱ्या दिसावर संक्रांत होती. बायांनी मला कोपीतच वाण दिलं. उठता येत नव्हतं मला."

मी जुनी पंचांगं जमवली. पौष पौर्णिमा २००८ साली २२ जानेवारीला होती, संक्रांत होऊन गेल्यावर. २००९ साली ती ११ जानेवारीला, रविवारी आली आणि संक्रांत १४ला, बरोबर तिसऱ्या दिवशी. त्याच्या पुढची पौष पौर्णिमा ३१ डिसेंबर २००९ला, म्हणजे संक्रांतीच्या दोन आठवडे आधीच. २०११ला पुन्हा संक्रांतीनंतर. पुनव आधी आणि तिसऱ्या दिवशी संक्रांत असं या चार हिवाळ्यांत एकदाच येतं. माझ्या वहीतल्या 'तीन महिने' या शेऱ्याशीही तेच जुळतं. अडाणी म्हणून जिला कुणी तारीख विचारायच्या भानगडीत पडलं नाही, तिनं दिवस आणि वेळ दोन्ही बिनचूक दिले होते.

मग आम्ही पूर्णेहून पंढरपूरच्या गाडीनं निघालो, मी, दीर आणि जाऊ. ज्या गावाचं नाव ती दोघं इतकी वर्षं सांगत होती, तिथल्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या ग्रामसेवकांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तळ ओढ्याच्या कोणत्या अंगाला होता?" दीर म्हणाले, पलीकडं, बाभळींच्या बाजूला. "मग ते आमचं शिवार नाही. ओढ्यापलीकडं शेजारच्या गावाची हद्द लागते." मजुरांच्या लेखी गाव म्हणजे जिथं किराणा मिळतो आणि पीठ दळून मिळतं ते. दळायला ते या गावात येत होते, झोपायला दुसऱ्या गावाच्या जमिनीत. दीरांनी जागेवर नेऊन दाखवलं. तिथं आता ठिबकचा ऊस उभा होता. शेतमालकाच्या म्हाताऱ्या वडिलांना आठवत होतं की त्या काळी टायरगाडीवाल्यांचा तळ इथंच पडायचा. सातबाऱ्यावर गट क्रमांक पाहिला, तेव्हा गावाचं नाव पक्कं झालं. अर्ज आधीच्या गावाच्या नावानं गेला असता तर आदेश मिळूनही तिथल्या निबंधकाला नोंद घेता आली नसती.

शेजारच्या ग्रामपंचायतीत २००९चं रजिस्टर निघालं. आम्ही २००८, २००९ आणि २०१० तिन्ही सालांचा शोध मागितला, कारण कुणी उशिरा नोंद केली असेल तर ती पुढच्या सालात सापडू शकते. शोध शुल्क भरलं. नोंद नव्हती, तसा नमुना १०मधला अनुपलब्धतेचा दाखला मिळाला. चुडाव्याच्या भाऊसाहेबांकडूनही तसाच दाखला आणला, दोन्हीकडं नोंद नाही हे दिसावं म्हणून. लोक अनुपलब्धतेचा दाखला हातात पडला की काम झालं असं समजतात. त्यात फक्त 'या सालांत नोंद आढळली नाही' एवढंच असतं. जन्म झाला याचा तो पुरावा होत नाही.

तिथल्या तहसीलबाहेरचा टंकलेखक म्हणाला, पाचशेचा बॉण्ड आणा. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २००४पासून माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. मी तसं सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि साधा कागद घातला. बॉण्डावर केलं की जास्त पक्कं होतं ही समजूत मोठी आहे. कागद जाड असतो, एवढंच.

खरी अडचण मजकुराची होती. त्याच्याकडं ठरलेला साचा होता: 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी मुलगी अमुक तारखेस अमुक ठिकाणी जन्मली असून अज्ञानामुळे नोंद करणे राहून गेले.' खाली बापाची सही. आई, साक्षीदार, मी, सगळ्यांनी तोच मजकूर नाव बदलून द्यायचा. आमच्या दीरांनी हे लिहून दिलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला गाडी अडकली असती, कारण त्यांनी जन्म पाहिलाच नाही, ते फडात मोळ्या बांधत होते. प्रतिज्ञापत्रात माणसानं तेवढंच सांगावं जेवढं त्याला स्वतःला माहीत आहे. म्हणून आम्ही चौघांची चार प्रतिज्ञापत्रं केली आणि प्रत्येकाचं आखूड ठेवलं. जाऊबाईचं: भोंगा, पुनव, संक्रांत, मुलगी. तिचा डाव्या हाताचा अंगठा, आणि मजकूर वाचून दाखवल्याचा शेरा. दीरांचं: त्या हंगामात आम्ही या तळावर होतो, दुपारी परत आलो तेव्हा मुलगी झालेली होती. माझं: एप्रिलमध्ये वजन केलं, ते असं होतं. आणि चौथं त्या शेजारणीचं.

ती सापडली हे नशीब. पालम तालुक्यातली, आता ऊसतोडीला जात नाही, शेळ्या राखते. मुकादमाकडून तिच्या गावाचा पत्ता लागला. मुकादमाकडं जुनी वहीही निघाली. त्यात २००८-०९च्या हंगामात दीर-जावेच्या नावावर एक कोयता, उचलीची रक्कम आणि कारखान्याचं नाव होतं. खाजगी माणसाची वही, तिला सरकारी कागदाची किंमत नाही, पण त्या हंगामात हे जोडपं तिथं होतं एवढं तरी तिनं दाखवलं. पोरीच्या वेळची आठवण विचारली तर शेजारीण पहिल्यांदा म्हणाली, "नाळ कोयत्यानं नाही कापली हां, नवं ब्लेड होतं." इतक्या वर्षांनी तिला तेवढंच सिद्ध करायचं होतं.

सुनावणीला अधिकारी साहेबांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "तुम्ही मुलीच्या चुलती. नोंद तुमचीच, साक्षही तुमचीच." रास्त शंका होती. मी त्यांना ओळीच्या वरची आणि खालची पोरं दाखवली. त्यांची जन्मनोंद चुडाव्याच्या ग्रामपंचायतीत आहे, ती या वहीतल्या वयांशी ताडून पाहा, म्हटलं. मधली एक ओळ नंतर घुसवायला जागा नव्हती, आणि खाली त्या महिन्याची सही होती. त्यांनी दोन पोरांची नावं उतरवून घेतली. नंतर त्यांनी जाऊबाईला बोलावलं आणि तारीख न विचारता विचारलं, "त्या दिवशी काय होतं?" तिनं पुनव-संक्रांत सांगितली. साहेबांनी मोबाईलवर दिनदर्शिका काढून पाहिली.

बाकीचं हळूहळू झालं. स्थानिक पेपरात आणि फलकावर नोटीस लागली, हरकत आली नाही. तिकडच्या ठाण्याचं पत्र चुडाव्याच्या ठाण्याला आलं, हवालदार घरी येऊन शेजाऱ्यांना विचारून गेले. इथं 'चुडाव्यातच जन्मली' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते शेजारच्या आजीबाईंच्या उत्तरावरून कळलं. "ही? ही तर कारखान्यावरून आली की कडेवर!" पावसाळा सरताना आदेश निघाला. त्यावरून त्या ग्रामपंचायतीत कलम १३(३)खाली नोंद झाली आणि दाखला मिळाला.

दाखल्यावर दोन तारखा आहेत. जन्म दिनांक ११ जानेवारी २००९, आणि खाली नोंदणी दिनांक २०२५चा. या दुसऱ्या तारखेमुळं तो जन्माच्या वेळी केलेल्या नोंदीइतका वजनदार होत नाही. उद्या कुणी आव्हान दिलं तर आदेशामागची फाईल मागवली जाईल. म्हणून सगळ्या कागदांच्या आणि आदेशाच्या साक्षांकित प्रती मी वेगळ्या ठेवल्या आहेत. नुसता दाखला जपणारे पुढं अडकलेले मी पाहिलेत. पोरीचा आक्षेप वेगळाच होता. जन्मस्थान म्हणून त्या गावाचं नाव वाचून ती म्हणाली, "काकू, मी तर चुडाव्याची आहे ना?"

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं प्रत्येकाला लागत नाही. माझ्या सासूबाईंना श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट वर्षांचं वय दाखवायचं होतं, तेव्हाही कुणीतरी त्यांना उशिराच्या जन्मनोंदीच्या मागं लावलं होतं. त्या योजनेला जन्मनोंदीचा उतारा, शाळेचा दाखला, शिधापत्रिकेतल्या किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला, यांतलं काहीही चालतं. मतदार यादीतला उतारा काढला, काम झालं. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बाईला आज जन्मदाखला मिळवून देण्यात वर्ष घालवायचं कारण नव्हतं. जन्मदाखल्याशिवाय चालणारच नाही, हा नियम १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी आहे. त्याआधीच्या माणसानं पहिल्यांदा विचारावं की ज्या कामासाठी वय हवं आहे, तिथं काय-काय चालतं.

दाखला आल्यावर शाळेनं जन्मतारीख दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवला, दहावीचा अर्ज भरायच्या आधी. तो मंजूर होऊन रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्ती झाली, मग आधार, मग अपार. स्थळवाल्यांना दीरांनी स्वतःच सांगितलं की पोरगी अजून लहान आहे, दाखल्यावर तसं आहे. कागद पुढं केला की माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

आता प्रश्न तिच्या धाकट्या भावाचा. तो बेळगावकडच्या तळावर झाला. कायदा सगळ्या देशाला एकच, पण अर्ज तिकडच्या तालुक्यात करायचा आणि सगळे कागद कन्नडमध्ये. जाऊबाईला त्याच्या वेळी सण आठवत नाही, अवकाळी पाऊस झाला होता आणि कोपीत पाणी शिरलं होतं, एवढंच आठवतं. त्या हंगामात तो पाऊस कोणत्या दिवशी पडला याचा मागोवा घ्यायचाय. मंडळनिहाय पावसाची नोंद कुठून मिळते ते मी सध्या विचारते आहे.